५ वर्षांचा सर्व्हायव्हल रेट बाबांना कसा समजावून सांगू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. माझे वडील ६१ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. मागच्या महिन्यात त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजवीकडचा भाग काढला. रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या १८ लिम्फ नोड म्हणजे लसिकाग्रंथी तपासल्यात, त्यातल्या २ पॉझिटिव्ह, म्हणजे त्यांत कॅन्सर सापडला. लिव्हर आणि फुफ्फुसं क्लिअर आहेत. डॉक्टर म्हणाले स्टेज ३बी, केमो घ्यायची, एक औषध सलाईनमधून, मग १४ दिवस गोळ्या, आठवडा सुट्टी, अशा ४ सायकल.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पुण्याहून चुलतभाऊ भेटायला आला आणि त्याने मोबाईलवर बघून सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, फाइव्ह इयर सर्व्हायव्हल सत्तर टक्के आहे, काही टेन्शन घेऊ नका." त्याने चांगल्या मनानेच सांगितलं. पण आईने त्यातलं "पाच वर्षं" तेवढं धरलं, तिच्या डोक्यात बसलंय की यांच्याकडे आता पाचच वर्षं आहेत, रात्रभर झोपत नाही, धाकट्या बहिणीचं लग्न या वर्षीच उरकायचं म्हणून मागे लागलीय. आणि बाबांनी धरलं "सत्तर टक्के". ते म्हणतात मी सत्तर टक्के बरा झालोय, उरलेलं पथ्याने होईल, केमो कशाला घ्यायची, त्या केमोनेच माणसं खंगतात. एकाच वाक्यातून एक माणूस खचलाय आणि दुसरा निर्धास्त झालाय, आणि दोघांचंही चुकतंय एवढं मला कळतंय पण बरोबर काय ते मलाच नीट सांगता येत नाहीये. डॉक्टरांच्या ओपीडीत इतकी गर्दी असते की हा विषय निघेपर्यंत पुढचा पेशंट आत येतो. कोणी सांगेल का हा आकडा म्हणजे नक्की काय आणि तो माणसाला सांगायचा कसा?

सुमनताई
दादा, माझं स्पष्ट मत, आकडे सांगूच नका. आमच्या ह्यांना आम्ही शेवटपर्यंत "अल्सर आहे" म्हणूनच सांगितलं होतं. माणूस धीरावर जगतो. डॉक्टरांना आधीच आत जाऊन सांगून ठेवा की पेशंटसमोर काही बोलू नका म्हणून.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत असतो. इथल्या एसईईआर या सरकारी कॅन्सर रजिस्ट्रीचे आकडे नेटवर सगळ्यांना खुले आहेत, कोलन कॅन्सर आतड्यापुरताच असेल तर ९१ टक्के, आजूबाजूला किंवा नोड्समध्ये गेला असेल तर ७३-७४ च्या आसपास, लांब पसरला असेल तर १३ ते १६. तुमचे बाबा मधल्या गटात. म्हणजे त्यांना सरळ सांगा ७४ टक्के चान्स आहे, विषय संपला. आकडा लपवायचा कशाला, चांगलाच आहे की.

अभय७२
कुठल्या हॉस्पिटलला दाखवलंय? सेकंड ओपिनियन घेतलं का? रोबोटिक केलं की ओपन? माझ्या ओळखीत एक चांगले सर्जन आहेत, व्यनि करा.

कृष्णाकाठ
अभयदादा, ऑपरेशन झालंय, व्यवस्थित झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न समजावण्याचा आहे.
सुमनताई, तुमचं दुःख समजतं. पण बाबांना सगळं माहीत आहे, रिपोर्ट ते स्वतः फाईलला लावतात. आणि आता तर न सांगण्यामुळेच ते केमो नको म्हणतायत.

नोंदवही
मी बरीच वर्षं एका कॅन्सर रजिस्ट्रीसाठी फील्डवर काम केलंय, म्हणजे हा जो आकडा आहे तो ज्या कच्च्या मालातून बनतो तो गोळा करायचं काम. त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगते, उपचारांचं डॉक्टरांनी सांगावं.

पाच वर्षं हा मोजणी थांबवायचा दिवस आहे. निदान झालं त्या तारखेपासून पाच वर्षांनी आम्ही बघायचो माणूस हयात आहे का. हो की नाही. तो नंतर आणखी वीस वर्षं जगला तरी त्या आकड्यात तो "हयात" एवढाच असतो, आणि पाच वर्षं एक महिना झाल्यावर गेला तरीही "हयात" एवढाच. म्हणून तुमच्या आईंना सगळ्यात आधी हे सांगा की ही मुदत नाहीये. कुणाच्या आयुष्याला पाच वर्षांचं तिकीट फाडलेलं नाही. हा गैरसमज मी घराघरात ऐकलाय, शिकल्यासवरलेल्यांकडेही, त्यामुळे आईंचं काही वेगळं नाही.

आणि बाबांना हे, की टक्के हे आजाराचे नसतात, माणसांचे असतात. सत्तर टक्के म्हणजे शंभर माणसांतली सत्तर. एका माणसातला सत्तर टक्के आजार गेला असा त्याचा अर्थ होतच नाही. "टक्के" शब्दच टाळा, "शंभर माणसं" म्हणा, फरक लगेच पडतो.

जर्सीकर, तुमचे आकडे बरोबर आहेत पण दोन गोष्टी बघा. एसईईआर त्यांचे गट आपल्या स्टेजप्रमाणे पाडत नाही. तुमच्या त्या मधल्या गटात स्टेज ३ चे सगळे येतात, आणि नोड्स क्लिअर असलेले पण शेजारच्या अवयवात घुसलेले काही स्टेज २ चेही येतात. आणि स्टेज ३ मध्येही ३ए आणि ३सी मध्ये जमीनअस्मानाचा फरक, तिकडच्याच जुन्या आकड्यांत ३ए नव्वदीच्या जवळ होतं आणि ३सी पन्नाशीच्या. म्हणजे तो ७४ हा सगळ्यांना एकत्र कालवून आलेला आकडा आहे, यांच्या बाबांसाठी काढलेला नाही. दुसरं, ते रिलेटिव्ह सर्व्हायव्हल आहे. समजा त्या वयाच्या कॅन्सर नसलेल्या शंभरांतले ९५ पाच वर्षांनी असतात आणि कॅन्सरवाल्यांतले ७० असतात, तर ७० ला ९५ ने भागून ७४ सांगतात. म्हणजे हार्ट अटॅकने, अपघाताने जे गेले असते त्यांचा हिशोब आधीच बाजूला काढलेला असतो. मोजायला ते योग्यच आहे, पण घरी बसून "शंभरातले ७४ जिवंत" असं सांगाल तर तंतोतंत बरोबर नाही.

आणि तिसरं राहिलंच, हे आकडे जुने असतात. पाच वर्षं झाल्याशिवाय पाच वर्षांचा आकडा येणार कुठून? आज छापलेला आकडा किमान पाच-सात वर्षांपूर्वी निदान झालेल्या माणसांचा असतो.

जर्सीकर
हे रिलेटिव्हचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग भारताचा आकडा का वापरायचा नाही? तो तरी इथल्या माणसांचा असेल.

नोंदवही
वापरायला हवाच. आपल्याकडे मुंबईची रजिस्ट्री १९६३ पासून आहे आणि बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ पासून. पण पाच वर्षं माणसाचा माग ठेवणं काय असतं ते सांगते. फाईलवर पत्ता "मु. पो. अमुक, शाळेजवळ". फोन नंबर जावयाचा, तो बदललेला. पत्र पाठवलं तर परत यायचं. मग गावात जाऊन ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद बघायची, किराणा दुकानात विचारायचं, कधीकधी ज्याचा शोध घेतोय तोच माणूस चांगला धडधाकट शेतातून येताना भेटायचा, त्याला पुन्हा हॉस्पिटलचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून फॉलोअपला गेला नव्हता एवढंच. आणि कधी दाराशी गेल्यावर कळायचं की दोन वर्षांपूर्वीच गेले. हे जे हरवतात त्यांना कुठल्या बाजूला धरायचं यावर आकडा वरखाली होतो. एखादं हॉस्पिटल फक्त परत येणाऱ्या पेशंटवरून आकडा काढत असेल तर तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा छान दिसतो.

आणि इथे लोक उशिरा येतात, केमो अर्धवट सोडतात, त्या सगळ्यांचं मिळून आपलं सरासरी चित्र होतं. स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या, २०१० ते १४ मध्ये निदान झालेल्यांत भारतात ६६ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेत ९० च्या. यात उपचारांचा भाग आहेच, पण तिकडे मॅमोग्राफीमुळे गाठ बारीक असतानाच सापडते हाही मोठा भाग आहे, आणि निदान आधी झालं की मोजणीचं घड्याळही आधी सुरू होतं, त्यामुळे आयुष्य तेवढंच असलं तरी पाच वर्षं पार करणारे जास्त दिसतात. ज्या माणसाचं ऑपरेशन वेळेत झालंय, पुरेसे नोड्स तपासलेत आणि जो केमो पूर्ण करणार आहे त्याच्यासाठी भारताची ढोबळ सरासरी वाईट बाजूला झुकलेली असते आणि अमेरिकेची कदाचित चांगल्या बाजूला. खरं कुठेतरी मधे. यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही.

रानवारा
एवढं कशाला, पाच वर्षं रिपोर्ट नॉर्मल आले की माणूस सुटला. माझ्या मामांचं तसंच झालं, कोलनच होतं, पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले आता येऊ नका. म्हणून तर पाच वर्षं मोजतात.

मानसी_के
रानवारा, प्लीज असं सरसकट लिहू नका. माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सर होता, हार्मोन पॉझिटिव्ह. पाच वर्षं झाली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, सगळ्या नातेवाईकांना फोन केले की कॅन्सर संपला म्हणून. आठव्या वर्षी कंबर दुखायला लागली, आम्ही सगळे म्हणालो संधिवात असेल, तेल चोळा, कारण आमच्या डोक्यात ते संपलेलं होतं. हाडात आलं होतं. आज ती आहे, गोळ्यांवर आहे, भाजी निवडत टीव्ही बघते. पण मधले ते महिने तेल चोळण्यात गेले आणि आम्हाला कोणी "पाच वर्षांनंतरही लक्ष ठेवा" एवढं नीट बसवून सांगितलं असतं तर गेले नसते. मला ते "पाच वर्षं" शब्द अजून नको वाटतात.

डॉ_माणदेश
मी सर्जन आहे, कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करतो. रानवारा आणि मानसी दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे, कारण आजार वेगळे आहेत. मोठ्या आतड्याचा जो परत यायचा तो साधारण शंभरातल्या ऐंशी जणांत पहिल्या तीन वर्षांतच परत येतो, पाच वर्षांनंतर फार क्वचित. म्हणून त्यात पाच वर्षांना वजन आहे. हार्मोन पॉझिटिव्ह ब्रेस्टमध्ये दहाव्या, पंधराव्या वर्षीही येऊ शकतो. तिथे पाच वर्षं म्हणजे मधला थांबा.

आता कृष्णाकाठ यांच्या बाबांचं. त्यांना एक आकडा देण्यापेक्षा तो आकडा उघडून दाखवा, तेच त्यांच्या केमोच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी पेशंटला असं सांगतो, आणि तुमचे बाबा कंडक्टर होते तर त्यांना हे चटकन कळेल. एसटीच्या दोन गाड्या भरून शंभर माणसं धरा, सगळ्यांना स्टेज ३, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं. यातली साधारण पन्नास-पंचावन्न फक्त ऑपरेशननेच बरी झालेली असतात, त्यांना केमो नाही दिली तरी आजार परत येणार नाही. आणखी वीसेक अशी असतात की ज्यांच्या अंगात डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी उरल्यात आणि केमोने त्या जातात, ती माणसं केमोमुळे वाचतात. उरलेली पंचवीस-तीस, त्यांना केमो देऊनही आजार परत येतो. आणि कोण कुठल्या सीटवर बसलंय ते आज आम्हाला सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून सगळ्यांना देतो.

यात बघा, "सत्तर" मध्ये केमो आधीच धरलेली आहे. बाबा म्हणतायत मी सत्तरात आहे म्हणून केमो नको, तर केमो काढली की ते सत्तर राहतच नाहीत, पन्नाशीवर येतात. हे एक वाक्य त्यांच्याशी शांतपणे बोला.

हे ढोबळ आकडे आहेत सगळ्या स्टेज ३ चे. बाबांचे २ नोड पॉझिटिव्ह आहेत, डॉक्टरांनी ४ सायकल म्हणजे ३ महिने सांगितलेत, त्या अर्थी त्यांना कमी धोक्याच्या बाजूला धरलेलं दिसतंय. जास्त धोका असतो तेव्हा बहुधा ६ महिने देतात. १८ नोड तपासलेत हेही चांगलं, किमान १२ तरी तपासावे लागतात, नाहीतर "दोनच पॉझिटिव्ह" यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पण नेमकं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी रिपोर्ट पाहिलेला नाही.

कृष्णाकाठ
डॉक्टर, हे "सत्तरात केमो धरलेली आहे" आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पण एक भीती वाटते. मी त्यांना सत्तर सांगताना तीस पण सांगायचे का? आणि ते म्हणाले की "मग मी त्या तीसमध्ये असलो तर?" तर मी काय बोलू?

डॉ_माणदेश
दोन्ही सांगा, एकाच दमात. नुसते सत्तर सांगितले आणि पुढे दोन वर्षांनी आजार परत आला तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, मग तो आमचं काहीच ऐकत नाही. नुसते तीस सांगितले तर तो आजच खाली बसतो. "शंभरातली सत्तर पाच वर्षांनी असतात, तीस नसतात, आणि त्या तीसांतली काही दुसऱ्याच कारणाने जातात." एवढं बोलून थांबायचं. लगेच "पण तुम्हाला काही होणार नाही" हे जोडू नका, आपल्याला ते माहीत नसतं आणि पेशंटला आपला आवाज कळतो.

तीसमध्ये असलो तर, असं विचारलं तर खरं सांगा, की ते आज कोणालाच माहीत नाही, पण ते कसं बघणार आहोत ते माहीत आहे. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी रक्तातली सीईए ही कॅन्सरची खूण दाखवणारी तपासणी, ठरलेल्या वेळी सीटी स्कॅन, वर्षाने कोलोनोस्कोपी. परत आला आणि लिव्हरमध्ये एकदोन ठिकाणीच असेल तर पुन्हा ऑपरेशन करून त्यातलीही काही माणसं पूर्ण बरी होतात. आणि आणखी एक, हा आकडा दर वर्षी बदलतो. आजचे सत्तर हे आजचे आहेत. दोन-तीन वर्षं आजार न येता गेली तर पुढच्या पाच वर्षांचा हिशोब नव्याने करायचा आणि तो आजच्यापेक्षा बराच चांगला येतो, कारण धोक्याचा मोठा काळ मागे पडलेला असतो. हे फार कमी जण सांगतात.

नोंदवही
डॉक्टरांच्या म्हणण्यात एक जोडते. सांगायच्या आधी विचारा. "बाबा, डॉक्टरांनी सांगितलं त्यातून तुम्हाला काय समजलं?" आणि मग "तुम्हाला यातलं किती जाणून घ्यायचंय?" काही माणसं म्हणतात आकडा नको, काय करायचं तेवढं सांग. तर तेवढंच सांगावं. पण हे त्यांनी ठरवायचं, आपण बाहेरून नाही. मी गेलेल्या घरांत जिथे पेशंटपासून लपवलेलं असायचं तिथे पेशंट मला दाराशी गाठून विचारायचा, "बाई, खरं सांगा." त्याला माहीतच असायचं. तो घरच्यांना सांभाळून घेत असायचा.

सुमनताई
तुमच्या जागी तुम्ही बरोबर असाल. आमच्या ह्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं असं नाही हे मलाही नंतर वाटलं. पण तरी मी पुन्हा तसंच केलं असतं असं वाटतं.

कृष्णाकाठ
अपडेट देतो. काल रात्री जेवणानंतर ओट्यावर बसलो होतो तेव्हा विषय काढला. आधी विचारलं, बाबा तुम्हाला काय समजलंय. ते म्हणाले सत्तर टक्के आजार ऑपरेशनमध्ये निघाला, तीस टक्के आत आहे, तो हळदीच्या दुधाने आणि चालण्याने जाईल. मग मी दोन गाड्यांचं सांगितलं. ते मधेच म्हणाले, "पन्नास ऑपरेशनवर उतरली. वीस केमोवर. मग ही तीस का चढवली गाडीत, त्यांना फुकट त्रास?" मी म्हणालो बाबा कोण कुठला प्रवासी ते डॉक्टरांना चेहऱ्यावरून कळत नाही म्हणून. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि त्या पहिल्या पन्नासांनाही उगाच केमो मिळते की." मी हो म्हणालो, कारण ते खरंच आहे. मला वाटलं आता नाही म्हणतील. पण म्हणाले, "तीन महिन्यांचाच प्रश्न आहे ना, मग घेतो. सहा महिने असते तर विचार केला असता."

तीस सांगताना माझा आवाज कापला. त्यांना कळलंच. म्हणाले "हे तुझ्या आईला असं आकड्यात सांगू नकोस, तिला एवढंच सांग की मुदत नाही." आईला सकाळी तेवढंच सांगितलं, नोंदवहीताईंचं तिकिटाचं वाक्य जसंच्या तसं. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे पाच वर्षांनी काही होतं असं नाही ना?" नाही म्हणालो. लग्नाचं मात्र अजून या वर्षीच म्हणतेय, ते मी सोडून दिलंय. सोमवारी पहिली सायकल.

विदर्भकन्या
धागा वाचून लिहायचं धाडस करतेय. माझ्या सासूबाईंचं स्टेज ४ आहे, कोलनच, लिव्हरमध्ये बऱ्याच ठिकाणी, ऑपरेशन होणार नाही म्हणालेत. डॉक्टरांनी "सरासरी दोन वर्षं" असं सांगितलंय. त्यांच्यासाठी शंभर माणसांचं असंच सांगायचं का?

डॉ_माणदेश
तिथे पाच वर्षांचा आकडा फारसा उपयोगाचा नाही, आणि एकच सरासरीही नाही. सरासरी म्हणतात ते बहुतेक वेळा मीडियन असतं, म्हणजे निम्मी माणसं त्याआधी जातात आणि निम्मी त्यानंतर. त्याऐवजी पट्टा सांगावा. दोन वर्षं धरली तर निम्म्या माणसांचा काळ साधारण एक ते चार वर्षांत येतो, शंभरातल्या पाच-दहा जणांना सहा महिन्यांपेक्षाही कमी मिळतो, आणि तेवढ्याच थोड्यांना सहा वर्षं किंवा जास्त. हे ढोबळ आहे, औषध कसं लागू पडतं त्यावर पहिल्या दोन-तीन स्कॅननंतर बदलतं. पण आधी हे बघा की सासूबाईंनी स्वतः काही विचारलंय का. काय विचारलंय त्यांनी?

विदर्भकन्या
त्या विचारतात की दिवाळीला अमरावतीला गावी जाता येईल का. एवढंच विचारतात.

डॉ_माणदेश
मग त्याचंच उत्तर द्या. केमोच्या तारखा डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या, आणि दिवाळीच्या आठवड्यात सायकल येत असेल तर ती थोडी पुढे ढकलता येईल का ते विचारा, बऱ्याचदा आठवडाभर ढकलता येते. बाकीचं त्यांनी विचारलं की बोलू.

मानसी_के
विदर्भकन्या, व्यनि केलाय, बघा.